दुसऱ्या प्रकरणावरचा संशय

अकोल्याच्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवताना मी काही वर्षं पीएच.डी.चा मार्गदर्शकही होतो. त्या काळात मला एक वाईट सवय लागली होती. कुणाचंही चांगलं पान वाचलं, की पहिला विचार यायचा, हे याने स्वतः लिहिलंय का?

माझ्याकडे मोर्शीची एक विद्यार्थिनी होती. पस्तिशीच्या आसपासची, तिथल्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारी. वडिलांची संत्र्याची बाग. विषयही तिने घरचाच घेतला होता: संत्रा बागाईतदार तज्ज्ञांचा सल्ला का पाळतात आणि का पाळत नाहीत. खोडातून डिंक गळवणारा डिंक्या रोग येऊ नये म्हणून झाडाच्या खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची असते. सगळ्यांना ते ठाऊक असतं, तरी सगळे लावत नाहीत. हे असं का, हा तिचा प्रश्न.

तिने दुसरं प्रकरण आणून दिलं, पूर्वसंशोधनाचा आढावा. चाळीसेक पानं. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात संशोधकाच्या नावाने, मग वर्ष, मग ‘यांनी असा निष्कर्ष काढला की’. एक संपला की दुसरा.

मी तिच्यासमोर पाचव्या पानावरचा परिच्छेद तेराव्या पानावर नेला आणि तेराव्यावरचा पाचव्यावर आणला. म्हटलं, “आता वाच. काही बिघडलं?”

तिने वाचलं. “नाई बिघडलं, सर.”

“मग हा आढावा नाही. ही यादी आहे. परिच्छेद कुठूनही कुठे हलवता येतात, कारण कुणाचा कुणाशी संबंधच नाही. ही माणसं एकमेकांशी सहमत आहेत की भांडताहेत? भांडत असतील तर कशावरून? ते तू सांगायचंस.”

“पण सगळ्याइच्या प्रबंधात असंच असते, सर.”

ते खरं होतं, तरी मी प्रकरण तिच्याकडे परत सरकवलं.

तीन आठवड्यांनी नवीन मसुदा आला आणि मी चमकलो. मथळे पडले होते: शिक्षण, वय, जमिनीचा आकार. वाक्यं गुळगुळीत. ‘याउलट’, ‘त्याचप्रमाणे’, ‘या पार्श्वभूमीवर’. ही बाई ‘मले’, ‘तुमाले’ म्हणते, आणि लेखणीतून अशी भाषा कशी उतरते? मी लाल पेन घेऊन प्रत्येक ‘याउलट’खाली रेघ मारत गेलो. एका ठिकाणी एक अभ्यास म्हणत होता, शिकलेले शेतकरी सल्ला जास्त पाळतात. ‘याउलट’ म्हणून पुढे दुसरा यायचा, तो म्हणत होता, तरुण शेतकरी जास्त पाळतात. यात उलट काय होतं? मथळे होते, जोडशब्द होते, पण आत तीच यादी. नुसती इस्त्री केलेली.

“हे कोणी केलं?” मी विचारलं.

तिने लाल रेघांकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्या माझं लिहिलेलं कॉम्प्युटरमधल्या त्या लिहिणाऱ्या प्रोग्रामात टाकलं, सर. म्हटलं नीट जोडून दे.”

मी रागावलो नाही, पण पानं परत दिली. “त्याला तू यादी दिलीस, त्याने यादीच सजवून दिली. आधी मूळ लेख वाच. सारांश नाही, मूळ लेख. आणि त्यांनी माहिती कशी गोळा केली, तेही बघ.”

त्यानंतर दोन महिने तिचा पत्ता नव्हता. सोडून दिलं असेल, असं मी गृहीत धरलं. मग एके दुपारी ती आली. या मसुद्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, वाक्यं ओबडधोबड होती. पण शिक्षणावरच्या भागाचं पहिलं वाक्य असं होतं: ‘शिक्षणाचा परिणाम होतो की नाही यावर संशोधक भांडतात, पण त्यांनी मोजलेली गोष्टच वेगळी आहे.’

पुढे तिने मांडलं होतं, की ज्यांनी शेतकऱ्याला नुसतं विचारलं, ‘पेस्ट लावता का?’, त्यांना शिक्षणाचा परिणाम दिसला. ज्यांनी बागेत जाऊन खोडं पाहिली, त्यांना तो जवळजवळ दिसला नाही. म्हणजे शिकलेल्या माणसाला बरोबर उत्तर काय, ते ठाऊक असतं. तो ते देतो. खोड मात्र कोरंच असतं.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. यातला एकही परिच्छेद आता हलवता येत नव्हता. आणि तरीही, खरं सांगतो, मला आनंद झाला नाही. संशयच आला. हे हिला कोणी सांगितलं? मोर्शीच्या एखाद्या प्राध्यापकाने?

तिला काही न बोलता मी तिने उल्लेखलेले सहा लेख मिळवले आणि चार दिवस वाचत बसलो. चूक सापडेल, याची वाटच पाहत होतो. सहाव्या लेखात ती सापडली. त्यात संशोधकाने स्वतः खोडं पाहिली होती, तरी शिक्षणाचा परिणाम स्पष्ट होता. मी तिला फोन केला.

“सहावा लेख तुझ्या म्हणण्यात बसत नाही. दडवलास काय?”

“दडवला नाई, सर. पान पलटवा.”

मी तिच्या मसुद्याचं पान पलटवलं; चूक शोधण्याच्या नादात मी तिथवर पोचलोच नव्हतो. तिथे होतं: ‘हा अभ्यास वरील मांडणीत बसत नाही. त्यातले शिकलेले बागाईतदार एका उत्पादक गटाचे पदाधिकारी होते आणि पेस्टचं सामान गटाकडून घरपोच येत होतं. कारण हे असू शकेल, पण खात्रीने म्हणता येत नाही.’

मी ते तिला फोनवर वाचून दाखवलं. मग तीच म्हणाली, “सर, एक विचारू? माझ्यावर तुमाले भरवसा काहून नाई?”

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. पुण्याहून आलेल्या, शुद्ध बोलणाऱ्या विद्यार्थ्याचे सहा लेख मी असे तपासले असते का? हा प्रश्न मी स्वतःला फोन ठेवल्यावर विचारला. उत्तर मला आवडलं नाही.

संशोधन सल्लागार समितीची बैठक अमरावतीला होती. एका ज्येष्ठ सदस्याने प्रकरण चाळलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “यात संशोधकनिहाय नोंदी कुठे आहेत? आपला नमुना असा नसतो.” मग माझ्याकडे वळून हसत म्हणाले, “हे तुम्हीच लिहून दिलेलं दिसतं, सर.”

तोच संशय होता, फक्त आता माझ्याकडे बोट होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

“सरांनी लिहिलं असतं, तर इतक्या शुद्धलेखनाच्या चुका नसत्या. तुमी कोनताही लेख विचारा. कोनत्यानं खोडं पाहिली अन् कोनत्यानं नुसतं विचारलं, मी सांगते.”

त्यांनी विचारलं. एक नाही, चार लेखांबद्दल विचारलं, उलटसुलट क्रमाने. तिने सांगितलं. एका ठिकाणी ‘हे मले नीट आठवत नाई, पाहून सांगते’ असंही म्हणाली आणि आपल्या वहीत पाहून सांगितलं. मला वाटतं, त्या उत्तराने त्यांना पटलं.

प्रकरण मान्य झालं. अट एकच, शेवटी सगळ्या अभ्यासांचा तक्ता जोडायचा, नमुन्याची सोय म्हणून. तिने जोडला, त्यात एक रकाना स्वतःहून वाढवून: ‘विचारलं की पाहिलं’.

बसस्थानकाकडे जाताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “राहू द्या, सर. तुमी वाचलं तरी. बाकीचे तर पानं मोजतात.” आणि मोर्शीची गाडी लागली होती, म्हणून घाईने निघून गेली.