पहाटेच्या अंधारात काढलेला फोटो

माझ्या कोरेगावच्या रानात आठवडाभर मेंढरं खतासाठी बसली होती, आणि त्या दिवशी उजाडण्याआधी कळप पुढं निघणार होता. मेंढपाळांचं हे कुटुंब माणदेशातलं. मुलगा फौजेत. सुट्टीचा शेवटचा दिवस त्यानं माझ्या बांधावर काढला, आता तोही साताऱ्याची गाडी धरायला निघालेला. बाप रानोरान, लेक सरहद्दीवर. दोघांचा एकत्र फोटो कधी निघालाच नव्हता. मुलाच्या आईनं माझ्याकडं तेवढाच मागितला.

नवा फोन माझ्याकडं, त्यामुळं ऐट माझी. नाइट मोड लावला, विनोद सांगितला आणि बटण दाबलं. बापलेक खदाखदा हसले. फोटोत दोघांना चेहरेच नव्हते, नुसता धूर.

"काका, हसवू नगा," मुलगा म्हणाला. "त्यो फोन एकच फोटो काढत न्हाई. दोन-तीन सेकंदांत लय फोटो काढतो, एकावर एक बसवतो. अंधारात फोटोवर दिसणारे दाणे दर फोटोत निराळ्या जागी पडतात, म्हणून बेरजेत ते पुसले जातात. खरा उजेड जिथल्या तिथं ऱ्हातो."

"मग हात न हलवता धरून ठेवतो की," मी म्हटलं.

धरला, पण बटण वाजताच सवयीनं खाली घेतला. पुन्हा धूर. तिसऱ्यांदा फोन घोड्यावर लादलेल्या घोंगड्यांवर टेकवला. घोड्यानं कातडी थरथरवली, आणि त्या फोटोत बांधावर ठेवलेल्या एका कंदिलाचे चार कंदील झाले.

"घोड्याची तिपाई करतोय," आई नवऱ्याला म्हणाली. "ह्येंच्यापरास मेंढरू शानं."

मुलानं फोन घेतला, उजेडात तिरका धरला. कॅमेऱ्याच्या काचेवर माझ्या बोटांचा भंडारा. निघताना मीच त्याच्या कपाळाला लावलेला, देवाच्या हळदीचा. त्यानं सदऱ्याच्या टोकानं पुसला. कंदील दोघांच्या बाजूला सरकवला, फोन बांधावरच्या दगडाला टेकवला, पडद्यावर बापाच्या चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड जरा कमी केला, आणि टायमर लावून धावत बापाशेजारी उभा राहिला. "बाबा, हलायचं न्हाई."

बाप काठीवर हनुवटी टेकवून उभा राहिला. जन्मभर असाच उभा राहिलेला माणूस. मी श्वास रोखला; माझी तिथं काही गरज नव्हती, तरी रोखला.

फोटो आला तसे सगळे पडद्यावर वाकलो. डोळ्यांना दिसत नव्हता तो डोंगर मागं उभा होता, वर चांदण्या. बापाच्या मिशीतला पांढरा केस न् केस मोजता येत होता. मागची मेंढरं मात्र थांबली नव्हती, ती विरघळून धुक्यासारखी वाहत होती. आणि त्या वाहत्या रानात हे दोघं रोवलेले.

आईनं पडद्यावर बोट ठेवलं, मग झटकन उचललं, पुसला जाईल अशा भीतीनं.

"ह्यो मला कवा देशील?" तिनं लेकाला विचारलं.

"आत्ताच धाडतो तुझ्या फोनवर."

तो गेला तेव्हा उजाडलं नव्हतं. ती कळपामागून चालू लागली, फोन पोलक्यात खोचून.