चार्जरवरचं कुंकू

आमच्या घरी दसऱ्याला आई कशालाच सोडत नाही. विळा, कोयता, शिलाई मशीन, मोटरसायकल, मिक्सर, सगळ्यांवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक. त्या वर्षी ती लॅपटॉपकडे वळली तेव्हा धाकटी बहीण ओरडली, "त्याले नको माय, खराब व्हई जाई! चार्जरले लाव." आईने मग चार्जरच्या काळ्या ठोकळ्यावर कुंकू रेखलं आणि त्याला झेंडूचं फूल वाहिलं. आम्ही हसलो आणि जेवायला बसलो.

दिवाळी झाली. बहिणीला पुण्याच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत लॅपटॉपवरच द्यायची होती, फोन चालणार नव्हता. दोन वर्षं अर्ज करून करून पोरगी थकली होती. हे पहिलं बोलावणं. दुपारी चारची वेळ.

मी नोकरीसाठी धुळ्यात राहतो. घर पारोळ्याच्या पुढे, फाट्यावरून आत. त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"दादा, चार्जरना लाइटच नही लागी राहिना."

मी दुसऱ्या बोर्डात लावायला सांगितलं. लावून झालं होतं. त्याच बोर्डात मिक्सर चालत होता, चार्जर चालत नव्हता. बॅटरी निम्मी होती, आणि तीही जुनी. गावात दुसरा लॅपटॉप सेवा केंद्रातला, त्याचा कॅमेरा बंद. मी म्हणालो, घाबरू नको, चार्जरच्या लेबलचा फोटो पाठव, लॅपटॉप बंद ठेव, चारच्या आत मी नवा घेऊन येतो. आता आठवलं की माझ्या आवाजातल्या त्या ऐटीचा मला राग येतो.

साहेबांची परवानगी काढून मी आग्रा रोडजवळच्या गल्लीतलं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं. फोटो आला. काळ्या प्लास्टिकवर बारीक पांढरी अक्षरं आणि त्यांच्यावर आईचं स्वस्तिक. खाली बहिणीने लिहिलं होतं, "240 व्होल्ट दिसतंय."

मी वैतागलो. 240 भिंतीतून आत येतं. ती इनपुटची ओळ. लॅपटॉपला काय जातं ते खालच्या आउटपुटच्या ओळीत असतं, आणि नेमकी तीच ओळ कुंकवाखाली. कोपऱ्यात 65W एवढं स्वच्छ वाचता येत होतं.

दुकानदाराने काउंटरवर तीन चार्जर मांडले. तिन्ही 65 वॅटचे. एक 19 व्होल्टचा, एक साडेएकोणीसचा, एक 20 चा. "वॅट जास्त चालतील भाऊ," तो म्हणाला, "लॅपटॉप लागेल तेवढेच ओढतो. 90 चा दिला तरी हरकत नाही. व्होल्ट मात्र लेबलवर असतील तेच पाहिजेत. तुमचे किती?"

तेच तर दिसत नव्हतं. मी बहिणीला कळवलं, कुंकू हलक्या हाताने पूस आणि परत फोटो काढ.

आमच्या घरी नेटवर्क फक्त धाब्यावरच्या, म्हणजे गच्चीवरच्या, पत्र्याच्या खोलीत. मुलाखतीचं टेबलही तिथेच मांडलेलं. म्हणजे तिने वर माझा निरोप वाचायचा, खाली येऊन आईजवळ ठेवलेल्या चार्जरचा फोटो काढायचा, पुन्हा वर जाऊन तो पाठवायचा. मी दुकानातल्या स्टुलावर बसून निरोपाखालची एक टिक दोन होण्याची वाट बघत होतो. दुसरं काय करणार?

शेवटी फोटो आला. मी तो मोठा करून पाहिला. ठोकळा स्वच्छ, काळाकुळकुळीत, चमकणारा. अक्षर एकही नाही. पाठोपाठ फोन, आणि फोनवर आई.

"व्हयनं का रे भाऊ? मी राखनी चांगलं घासी टाकं. बठ्ठं चकचकीत शे."

पुसण्याचं काम तिने हौसेनं स्वतःकडे घेतलं होतं. मी म्हणालो, "हां माय, चांगलं शे."

माझ्या आवाजावरून तिला कळलं असावं. ती म्हणाली, "मन्ही चूक व्हयनी का?" मी फोन बहिणीला द्यायला सांगितलं. नाही म्हणायला हवं होतं, पण त्या घाईत मी ते म्हणालो नाही.

पुन्हा पहिल्या फोटोवर आलो. आता तोच काय तो आधार. फोन डोळ्यांशी धरून बघता बघता कुंकवाच्या कडेला आउटपुटच्या ओळीचं शेपूट सापडलं, ".33A". दुकानदाराने तिन्ही चार्जर उलटे केले. 19 व्होल्टवाल्यावर 3.42, वीसवाल्यावर 3.25, साडेएकोणीसवाल्यावर 3.33. साडेएकोणीस गुणिले 3.33, पासष्टच. व्होल्ट सापडले. मी जवळजवळ ओरडलोच.

"टोक कोणतं?" दुकानदाराने विचारलं.

आमचा लॅपटॉप ज्या कंपनीचा, तिच्या साडेएकोणीस व्होल्टच्या चार्जरला दोन तऱ्हेची टोकं येतात, एक जाड, एक बारीक, आणि दोन्हींच्या पोटात मधोमध सुई. लेबल शाबूत असतं तरी हे त्यावर लिहिलेलं नसतं. बहिणीने टोकाचा फोटो पाठवला तो इतक्या जवळून की टोक नळाएवढं दिसत होतं. त्यावरून जाड काय आणि बारीक काय! मी दोन्ही द्या म्हणालो. तर दुकानात फक्त जाड होतं. मग तिला लिहिलं, टोकाशेजारी शिसपेन्सिल ठेव आणि दोन्हींचा मिळून फोटो काढ. पुन्हा खाली, पुन्हा वर. फोटो आला. जाड टोक पेन्सिलीएवढं भरतं. हे तिच्या निम्म्याहून थोडं जास्त होतं. बारीक. म्हणजे दुकानात नसलेलं.

दुकानदाराने दोन-तीन फोन केले. एकाकडे निघालं, पण त्याचा माणूस जेवायला गेलेला. तो आला, कपाट उघडलं, चार्जर आला, फोटोशी ताडून पाहिला. सगळं जुळलं. स्टँडवर पळालो तर पारोळ्याची गाडी नुकतीच सुटलेली. पुढच्या गाडीत बसलो. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलो होतो, त्याने गाडी काही जोरात पळत नव्हती. वाटेतच चार वाजले. बहिणीला फोन करायचीही सोय नव्हती, तिच्या फोनच्या नेटवरच मुलाखत चालली होती.

फाट्यावरून एकाच्या मोटरसायकलवर घरी पोचलो. आई जिन्याच्या तळाशी पायरीवर बसलेली, राखेचे हात पदराला पुसत. वर बहीण काळ्या स्क्रीनसमोर नव्या ड्रेसमध्ये ताठ बसली होती.

"कधी बंद पडला?" मी विचारलं.

"तिसरा प्रश्न व्हता. माले येत व्हता दादा."

मी चार्जर लावला. टोक अलगद आत बसलं, लाइट लागली, लॅपटॉप सुरू झाला. मुलाखतीची खोली बंद झाल्याचा निरोप पडद्यावर होता. बहिणीने माफीचा मेल लिहिला, नंतर आणखी एक लिहिला. उत्तर आलं नाही. बरोबर व्होल्ट, बरोबर वॅट, बरोबर टोक हातात असून मी तिच्यासाठी काहीही करू शकलो नाही. इतकं निरुपयोगी मला कधीच वाटलं नव्हतं.

आईला कोणी एका शब्दाने बोललं नाही. तिनेही विषय काढला नाही.

पुढचा दसरा आला. आई ताट घेऊन निघाली. विळा झाला, कोयता झाला, मिक्सर झाला. बहीण त्या वेळी नवा अर्ज भरत बसली होती, चार्जर लावलेला होता. आईने वाकून तो उचलला, दोन्ही बाजूंनी उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नाही.

"भाऊ, येनी वाचानी बाजू कोनती शे?"

मी अक्षरांवर बोट ठेवलं. तिने ती बाजू वर करून चार्जर खाली ठेवला. बोट कुंकवात बुडवलं आणि चार्जरच्या शेजारी, फरशीवर, छोटं स्वस्तिक काढलं. फूलही तिथेच ठेवलं.

"त्यालेच लाव ना माय," बहीण म्हणाली, "काही नही व्हत."

आईने हात मागे घेतला, आणि ताट उचलून ती शिलाई मशीनकडे गेली.