पद मंजूर झालंय का?

टेंभुर्णीच्या तातेराव खरातांचा धाकटा मुलगा बुद्धभूषण जालन्याच्या एमआयडीसीत एका सळई कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला होता. भट्टीतून वितळलेल्या लोखंडाचा नमुना यायचा, तो घासून मशीनवर लावायचा, कार्बन किती, गंधक किती ते बघून भट्टीवाल्यांना सांगायचं. त्याचा आकडा येईपर्यंत भट्टी अडून राहायची, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी त्याच्या डोक्यावर ओरडत असायचं. तो शांत असायचा. त्याची बायको साक्षी म्हणायची, "तुमचा आवाज फक्त मशीनच ऐकत असेल."

हा शांतपणा त्याला एकदा फार महागात पडला होता. त्याच्या लग्नानंतर थोड्याच दिवसांत पुण्याकडच्या एका कंपनीनं त्याला मुलाखतीला बोलावलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दर वेळी साहेब म्हणायचे, कळवतो. तिसऱ्या वेळी साहेबानं चहा पाजला आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. भूषणला वाटलं, झालं. तातेरावांनी टेंभुर्णीत पारावर बसून सगळ्यांना सांगून टाकलं. भूषणनं तेव्हाच्या कारखान्यातल्या मॅनेजरला नोटीस दिली. मग काहीच आलं नाही. फोन केला तर "प्रोसेस चालू आहे." पुढं तर फोन उचलणंही बंद झालं. तो बरेच महिने रिकामा बसला. साक्षीनं शिकवण्या घेऊन घर चालवलं. तातेराव पारावर जायचं थांबले, हे भूषणच्या मनात सगळ्यात खोल रुतून बसलं. शेवटी त्याच एमआयडीसीतल्या या सळई कारखान्यात त्याला आधीच्यापेक्षा खालच्या जागेवर काम मिळालं.

म्हणून जेव्हा यंदा छत्रपती संभाजीनगरच्या एका प्लेसमेंट एजन्सीतून भावना नावाच्या बाईंचा फोन आला, तेव्हा भूषणला आनंद व्हायच्या आधी तो पुण्याकडचा चहा आठवला. शेंद्र्याच्या बाजूला गाड्यांच्या सुट्या भागांसाठी पोलाद तयार करणारा नवा प्लांट उभा राहत होता. लॅबमध्ये सीनियर केमिस्ट हवा होता. "तुमचा प्रोफाइल चांगला वाटतोय, सर. संध्याकाळी सविस्तर बोलू या का?"

घरी आल्यावर त्यानं साक्षीला सांगितलं. ती कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "या वेळी आधी विचारायचं. किती फेऱ्या आहेत, कुठं आहेत, कधीपर्यंत कळणार, शेवटी हो कोण म्हणणार. सगळं सुरुवातीलाच."

"असं कसं इचारायचं? त्या म्हणतील, अजून काही न्हाई अन् हा लागला हिशेब मागायला."

"म्हणू द्या. फोन ठेवला तर ठेवला. तुम्हाला आजच कळेल, चार महिन्यांनी न्हाई."

तातेराव चारच दिवसांपूर्वी डोळे दाखवायला गावाकडून आले होते. ते खाटेवरून म्हणाले, "बाबू, साहेब लोकांना लई इचारू नये. त्यांनी बोलावलं की जायचं. आपण कोण टाइमटेबल मागणार?" पुढं हळूच पुटपुटले, "लोकाला वाटतं, याला लई शिंगं फुटली."

तातेरावांनी, भूषणच्या आबांनी, सालगडी म्हणून अर्धं आयुष्य काढलेलं. मालकानं सांगायचं आणि आपण ऐकायचं, एवढंच त्यांना ठाऊक. भूषण डिग्री घेऊन लॅबमध्ये बसला तरी ती भीती त्याच्याही अंगात कुठंतरी होतीच.

संध्याकाळी फोन आला. भावना मॅडमनी अनुभव विचारला, कोणत्या मशीनवर काम करतो ते विचारलं, सध्याच्या कारखान्यात नोटीस किती दिवसांची ते विचारलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे सर, मी तुमची माहिती पुढं पाठवते. कळवतेच."

'कळवतेच' हा शब्द ऐकला आणि भूषणनं मान वळवून बघितलं. साक्षी दारात उभी होती. तो म्हणाला, "मॅडम, एक मिनिट. इचारलेलं चालेल ना? यापुढं किती टप्पे आहेत? साधारण किती वेळ लागेल? म्हणजे मला कारखान्यात सुट्टी घ्यायला बराबर पडेल."

पलीकडे पानं उलटल्यासारखा आवाज. "चाचणी प्लांटवरच होईल, सर. मग लॅब हेडची मुलाखत. ती झाली की एचआरशी पगाराची बोलणी. नंतर कागदपत्रांची पडताळणी, मेडिकल, मग ऑफर लेटर. सगळं सुरळीत झालं तर दीड-दोन महिने."

"अन् शेवटचा निर्णय लॅब हेडचाच?"

"नाही, मंजुरी मुख्य ऑफिसची."

भूषणनं पुढचंही विचारलं. "मॅडम, पद मंजूर झालंय का?"

या वेळी पानांचा आवाज आला नाही. त्याला वाटलं, संपलं. भावना मॅडमचा आवाज आला, तो थोडा बदललेला होता. "हे मी कंपनीला नीट विचारून सांगते. खरं सांगू का, असं कुणी विचारत नाही."

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ ओट्याला टेकून उभा राहिला. साक्षीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्याला वाटत होतं, आपणच आपलं नाव खोडून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला. सगळे टप्पे सांगितलेल्या क्रमानं लिहिले होते आणि शेवटी होतं, 'लॅब हेडच्या मुलाखतीपर्यंतची प्रक्रिया नक्की. पण पद अजून मुख्य ऑफिसात मंजुरीसाठी आहे. कंपनी आधी उमेदवार निवडून ठेवतेय. मंजुरी आली नाही तर थांबावं लागेल. प्रत्येक टप्प्यानंतर हो किंवा नाही, मी स्वतः कळवीन.' भूषणनं मेसेज साक्षीला दाखवला. ती म्हणाली, "मंग जा बिनधास्त. पण इथली नोकरी हलवायची न्हाई."

भूषणच्याच लॅबमध्ये त्या आठवड्यात दुसऱ्या शिफ्टला संपत होता. शिफ्ट एक असली की दोघं एकाच डब्यातून जेवणारे. संपतलाही भावना मॅडमचा फोन आला होता. शिफ्ट बदलताना तो भूषणला बाजूला घेऊन म्हणाला, "मला इचारलं, किती जल्दी जॉईन होता? म्हणलं, लगेच. आता लगेच म्हणलं तर आधी इथून मोकळं व्हावं लागंल ना? मी उद्या-परवा राजीनामा देऊन राह्यलो."

"संपत, थांब. त्यांनी नोटीसचं सगळ्यांनाच इचारलंय. ते फक्त माहिती घेतात. अन् ऐक, पद अजून मंजूर न्हाई."

"तुला कोणी सांगितलं?"

"मी इचारलं मॅडमला."

संपत हसला, पण डोळे हसले नाहीत. "जागा एकच हाय ना, भूषण?"

"अरे, त्याच्यासाठी सांगून न्हाई राह्यलो मी."

"बराबर हाय. तू तुझं बघ, मी माझं बघतो."

भूषणनं मोबाईल काढून मेसेज दाखवायचा प्रयत्न केला. संपतनं बघितलाच नाही, कानात बोळे घालून आत निघून गेला. भूषण गेटच्या बाहेर उभा राहिला. आपल्याला मिळालेली खरी गोष्ट समोरच्याला खोटी वाटावी, याची त्याला आयुष्यात कधी कल्पना आली नव्हती. घरी जाऊन साक्षीला म्हणाला, "मी मागच्या खेपेला कुणालाच इचारलं न्हाई म्हणून बुडालो. अन् आता इचारून सांगितलं तर कुणी ऐकंना."

"तुम्ही सांगितलं. अजून काय करणार?"

पण एवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बोलला. संपतनं लॅबच्या लोकांसमोर म्हटलं, "याला एकट्याला जायचंय." त्याच्या पुढच्या दिवशी त्यानं राजीनामा दिला. मॅनेजरला नेमकं तेच हवं होतं, कारण त्याच्या ओळखीचा एक जण रांगेत होता.

चाचणी दोघांनीही दिली. भूषणनं सुट्टी आधीच मागून ठेवली होती, वार आधी माहीत असल्यामुळं. लॅब हेडशी त्याची मुलाखतही झाली. मुलाखतीनंतर भावना मॅडमचा फोन आला, "सर, लॅब हेडचा होकार आहे. पण मुख्य ऑफिसनं यंदाची भरती थांबवली. कधी सुरू होईल सांगता येत नाही. मी उगाच आशा लावून ठेवत नाही."

भूषणला वाईट वाटलं, पण पायाखालची जमीन सरकली नाही. त्यानं त्याच दिवशी भट्टीचे नेहमीसारखे नमुने तपासले. मग त्याला संपत आठवला आणि हात थांबला.

संपतला चाचणीनंतर आठवडाभर काहीच कळलं नव्हतं. तो फोन करून थकला होता आणि उचलला गेला तरी काय विचारायचं तेच त्याला सुचत नव्हतं. भूषण त्याच्या घरी गेला. भूषणला बघून संपतची बायको आत निघून गेली. संपत पायरीवर बसला होता.

"तुला कळालं?" संपतनं विचारलं.

"हो. भरती थांबली."

भूषणनं पुन्हा मागचं काही काढलं नाही. तो फक्त म्हणाला, "मॅडमला फोन लाव. माझ्या समोर. म्हण, दुसरीकडं जागा असल तर तिचे टप्पे कोणते, किती वेळ लागेल, पद मंजूर हाय का. त्या चिडत न्हाईत."

संपतनं फोन लावला. पहिला प्रश्न त्यानं चाचरत विचारला. दुसऱ्या प्रश्नाला तो अडला आणि त्यानं मोबाईल भूषणकडे दिला. भूषणनं परत त्याच्याच हातात ठेवला. "तूच इचार. उमेदवार तू हाईस." भावना मॅडम म्हणाल्या, चाकणला एका लॅबमध्ये जागा आहे, मंजूर आहे, दोन फेऱ्या, निकाल याच महिन्यात. पण शिफ्ट रात्रीची आणि घर लांब.

संपतला ती नोकरी लागली. पण जालना, म्हातारे आईबाप, शाळेत जाणारी मुलगी, सगळं मागं ठेवून त्याला जावं लागलं. भूषण त्याला सोडायला बसस्टँडवर गेला. बॅग वर टाकून झाल्यावर संपत म्हणाला, "तू सांगितल्तं मला."

"जाऊ दे."

"न्हाई, मला वाटलं—" एवढंच बोलून तो गाडीत चढला. काय वाटलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. गाडी निघाली तेव्हा संपतनं खिडकीतून हात केला नाही, समोर बघत राहिला. भूषण तिथंच उभा राहिला, मग दुपारची शिफ्ट होती म्हणून निघाला.

आबा आता डोळ्यांचं काम झाल्यावर टेंभुर्णीला परतले आहेत. भूषण त्याच कारखान्यात आहे, त्याच मशीनवर. शेंद्र्याची भरती अजून सुरू झालेली नाही. भावना मॅडमचा मधून मधून मेसेज येतो, 'अजून थांबलेलीच.' लॅबमध्ये संपतच्या जागी आलेला पोरगा जेवायच्या वेळी विचारतो, तुम्ही एकटेच का बसता? भूषण म्हणतो, सवय झाली.