औषधांच्या दुकानातली डोकेदुखी

माझ्या धाकट्या बहिणीचं औषधांचं दुकान आहे आणि तिचं डोकं दुखतं. अर्धंच दुखतं, उजेड सोसत नाही, मळमळतं. आमची आई डोक्यात रक्तस्राव होऊन गेली. तेव्हापासून कपाळात ठणका उठला की धाकटीच्या मनात एकच येतं, आज माझी पाळी.

घाबरली की हात मागच्या फळीकडे. पुढेपुढे तर दुखायच्या आधीच गोळी. गिऱ्हाइकांना "काका, रोज घेऊ नका हं" म्हणून दटावणारी ही बाई स्वतः फुटाण्यासारख्या गोळ्या खायची. दुकान दुसऱ्याचं असतं तर कुणी हटकलं तरी असतं.

एकदा तिनं मधुमेहवाल्याच्या हातात रक्तदाबाच्या गोळ्या ठेवल्या. लगेच परत घेतल्या, पण मला फोन केला तेव्हा रडत होती. मी तिला ओढतच मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

स्कॅन स्वच्छ आला. "मायग्रेन आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि वर गोळ्यांच्या अतिरेकानं येणारी डोकेदुखी." त्यांनी गोळ्या बंद केल्या, दुखणं येऊच नये म्हणून वेगळं औषध दिलं आणि रोज ध्यान करायला सांगितलं.

"त्यानं डोकं दुखायचं थांबतं?" मी विचारलं. मला असल्या गोष्टींचं वावडं.

"खात्री नाही. एका चाचणीत ध्यान शिकलेल्यांचे आणि नुसती डोकेदुखीची माहिती घेतलेल्यांचे दुखण्याचे दिवस सारखेच कमी झाले. पण ध्यानवाल्यांची धास्ती जास्त ओसरली, कामं कमी अडली. दुसऱ्या एका चाचणीत गोळ्यांचा अतिरेक झालेल्यांना उपचारांबरोबर ध्यान दिलं, तेव्हा नुसत्या उपचारांपेक्षा दुखण्याचे दिवसही जास्त घटले. उपचारांबरोबर, त्यांच्याऐवजी नव्हे."

मग त्यांनी कृती सांगितली. खुर्चीत ताठ पण सैल बसायचं. श्वास ओढायचा नाही, नाकाशी येतो-जातो तो नुसता जाणवू द्यायचा. मन पळालं की न रागावता परत आणायचं. सुरुवातीला पाच मिनिटं, रोज, दुखत नसतानाही. "आणि अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर ध्यान बाजूला. थेट हॉस्पिटल."

गोळ्या सुटल्यावर आधी दुखणं वाढलंच. डॉक्टरीणबाईंनी तसं बजावलं होतं, तरी दोघींची पाचावर धारण बसली.

"डोळे मिटले की आईच दिसते गं, ताई."

"दिसू दे. बघ आणि श्वासाकडे ये. मला विचारू नकोस बाई, मला तर पाच मिनिटं गप्प बसवत नाही."

परवा दुपारी मी दुकानात असताना ती एकदम पांढरीफटक पडली. काउंटरपुढे एक म्हातारे गृहस्थ औषधासाठी उभे होते. तिनं त्यांना थांबायला सांगितलं, स्टुलावर बसली, हात आणि जीभ ठीक आहेत ना हे बघायला दोन्ही मुठी वळून उघडल्या, स्वतःचं नाव पुटपुटली आणि डोळे मिटले. फळीवरची गोळ्यांची डबी मी काढलीच होती.

"ठेव ती," ती डोळे न उघडता म्हणाली.

"दुखतंय ना?"

"दुखतंय. पण हे माझं नेहमीचंच आहे गं. आईचं नाही."

थोड्या वेळानं ती उठली. पाकिटावरचं नाव दोनदा वाचलं आणि औषध त्या गृहस्थांना दिलं. तिचा हात स्थिर होता. डबी अजून माझ्याच मुठीत होती, घामानं ओली.