बिस्किटांचे दोन डबे

चंद्रपूरच्या पॉलिटेक्निकात मला खरं शिकवलं ते प्रयोगशाळेतल्या वयस्कर सहायकांनी. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. एकदा त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांचे दोन सीलबंद पत्र्याचे डबे ठेवले. प्रत्येकातून तारांची दोनच टोकं बाहेर आलेली.

"एकात बॅटरी अन् रेझिस्टरांचं जाळं हाय. दुसऱ्यात एक बॅटरी अन् एकच रेझिस्टर. कोणतं कुठी हाय, सांग."

वजनावरून कळू नये म्हणून त्यांनी आत वाळूसुद्धा भरली होती.

मी चिडले. अख्खं जाळं लपेल कसं? टोकांना निरनिराळे रेझिस्टर जोडून मी दुपारभर मोजत बसले. काही न जोडता दोन्हींवर सहा व्होल्ट. करंट वाढला की दोन्हींचं व्होल्टेज सारखंच उतरायचं. आलेखावर दोघांची मिळून एकच सरळ रेघ आली.

भाऊ हसले. "रेझिस्टरात करंट व्होल्टेजच्या प्रमाणातच वाढते. असे कितीबी जोड, बाहेर सरळ रेघच येते. रेघेले काय लागते? एक सुरुवात अन् एक उतार. सुरुवात बॅटरी देते, उतार रेझिस्टर. मंग मीटरले फरक कसा कळंल?"

"म्हणजे ओळखताच येत नाही?"

"मीटरले नाई. तू हात लावून पाय."

टोकं मोकळी होती, तरी एक डबा कोमट लागला. तोच जाळ्याचा: त्यात आतल्या आत करंट फिरत होता, दुसऱ्यात टोकं जोडल्याशिवाय तो वाहतच नव्हता.

कितीही मोठं जाळं बाहेरून एक बॅटरी आणि एक रेझिस्टर यांच्यासारखंच वागतं, हे पुस्तकात प्रमेय म्हणून होतं; परीक्षेत त्या प्रमेयाला मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. हात लावून पाहायचं मात्र माझ्या एकाही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.