मामांचे डुप्लिकेट घड्याळ

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझ्या मामांच्या राजारामपुरीतल्या घरी चोरी झाली. कपाटातून गेलेली मोठी वस्तू एकच होती, सोन्याचे स्विस मनगटी घड्याळ. मामांचा ओतकामाचा कारखाना होता. यंत्रांचे प्रदर्शन पाहायला ते झुरिचला गेले तेव्हा त्यांनी ते तिथल्या दुकानातून घेतले होते. त्याचा विमा होता. पॉलिसीच्या यादीत ते एजंटाने मामांना विचारून लिहिले होते. कागद कुणी पाहिले नव्हते.

पोलिसांचा पंचनामा झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याच वेळी मावशीचे यजमान हातकणंगल्याहून समाचाराला आले होते. मामा त्यांना दाजी म्हणत. दाजींचा ऊस होता, आवाज मोठा होता आणि मन मोकळे होते. मी सोफ्याच्या कडेला बसलो होतो.

सर्व्हेअरने विचारले, "घड्याळ अस्सल होतं?"

मामा काही बोलायच्या आत दाजींनी धीर दिला. "जाऊ द्या की पावणं, जिवाला का लावून घेताय? डुप्लिकेटच हुतं न्हवं!"

सर्व्हेअरने ते लिहून घेतले.

घोळ मामांचाच होता. आमच्याकडे लग्न ठरले की नवरदेवासाठी कोट, बूट आणि घड्याळ नात्यात मागायची पद्धत होती. घड्याळ परत येई, पण काच गेलेली असे. म्हणून मामांनी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगून ठेवले होते की हे मुंबईच्या फुटपाथवरचे डुप्लिकेट आहे. दाजींच्या मुलाच्या लग्नात मागणी आली तेव्हाही त्यांनी हेच सांगितले आणि स्वतः ते घालून लग्नाला गेले.

आता दावा मंजूर व्हायचा तर घड्याळ अस्सल ठरायला हवे होते, आणि तेही दाजींसमोर. मामांनी दाजींना मळ्यातल्या पाण्याच्या पाळीची आठवण करून दिली.

"आज वीज न्हाय," दाजी म्हणाले. "बसतो की."

मामींनी डबा आणला. त्यात झुरिचची पावती, मुंबई विमानतळावर भरलेल्या जकातीची पावती आणि गॅरंटी कार्ड होते. पावती जर्मनमध्ये होती, पण त्यातला आकडा सर्व्हेअरला वाचता आला. कार्डावरचा क्रमांक मात्र अर्धाच दिसत होता. दर खंडेनवमीला मामी कारखान्याच्या चाव्यांबरोबर या कार्डाचीही पूजा करत, आणि शेवटचे चार अंक हळदीकुंकवाखाली गेले होते.

"नखानं काढू?" मामींनी विचारले.

"हात लावू नका," सर्व्हेअर म्हणाला. "मी खाडाखोड लिहीन."

तो क्रमांक पावतीवर पूर्ण होता. पण हेच घड्याळ मामांच्या हातात होते, हे त्यातून ठरत नव्हते. ते मामांच्या नेहमीच्या घड्याळजीकडे ठरले. दुरुस्तीला आलेले भारी घड्याळ उघडले की आतला क्रमांक तो वहीत उतरवून घेई, म्हणजे नंतर कुणी यंत्र बदलल्याचा आळ घेऊ नये. सर्व्हेअर, मामा आणि मी गेलो. दाजी न बोलावता आले. वहीत मामांच्या नावापुढे पावतीवरचाच क्रमांक निघाला.

"डुप्लिकेट असतं तर मी उघडलंच नसतं," घड्याळजी म्हणाला.

दाजींनी मामांकडे पाहिले. मामा भिंतीवरची घड्याळे पाहू लागले. त्या सगळ्यांत वेगवेगळी वेळ होती.

राहिला फोटो; सर्व्हेअरला तोही फाइलला लावायचा होता. घड्याळ स्पष्ट दिसेल असा एकच फोटो होता, दाजींच्या मुलाच्या लग्नातला. मामा आहेर देत होते आणि बाही वर सरकली होती. अल्बम दाजींकडे होता. दोन दिवसांनी ते तो पिशवीत घालून घेऊन आले. सर्व्हेअरने भिंगातून तारखेची खिडकी, काट्यांचा आकार आणि पट्ट्याची वीण गॅरंटीबरोबरच्या माहितीपत्रकातल्या चित्राशी ताडून पाहिली. मग दाजींनी भिंग मागून घेतले.

"आमचा पोरगा शेजारी हुबा हाय," ते म्हणाले. "त्याच्या हातात बघा. साधं चावीचं."

सर्व्हेअर म्हणाला, "घड्याळ अस्सल आहे. पण डुप्लिकेट असल्याचं मी लिहून घेतलंय. तुम्ही तसं का सांगत होता, याचा लेखी खुलासा लागेल. साक्षीदाराच्या सहीनिशी."

मामांनी मामींकडे पाहिले.

"मी साक्षीदार हाय की," दाजी म्हणाले.

मामांनी लिहिले: घड्याळ अस्सल असल्याचे मला माहीत होते, नातेवाइकांनी मागू नये म्हणून मी ते डुप्लिकेट असल्याचे सांगत असे. दाजींनी कागद घेतला, चष्मा लावला आणि शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. मग सही न करता परत दिला.

"'नातेवाइकांनी' कशाला? कुणी मागितलं हुतं ते लिवा. कंपनीला नक्की कळाय पायजे."

मामांनी सर्व्हेअरकडे पाहिले. सर्व्हेअर म्हणाला, "नेमकं असलेलं बरं."

मामांनी 'नातेवाइकांनी' खोडले, वर 'माझ्या दाजींनी' असे लिहिले आणि खाडाखोडीशेजारी सही केली. दाजींनी खाली सही केली आणि मामींकडे दुसरा चहा मागितला.