फोटोखालची ओळ

आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि स्वतःला कवयित्री समजत होते. घाटकोपरच्या आमच्या चाळीत हे फक्त मलाच माहीत होतं, ही देवाची कृपा.

आईचा एकच फोटो होता, लग्नातला. चौदा वर्षांची घाबरलेली मुलगी. आमची आई त्यात कुणालाच दिसेना. फ्रेमवाल्याने खाली काळ्या पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी सोडली होती. पांढऱ्या शाईने एक ओळ मावेल एवढीच. फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर पडून होती. वडील म्हणाले, "खाली असं काही लिही, की ती ओळखू येईल. तोवर मी ही भिंतीला लावणार नाही. परक्या पोरीला हार कसा घालू?"

वर्षश्राद्धाला आठ दिवस उरले होते. मी लिहिलं: 'मायेचा सागर आटला, छत्र हरपले, घरचा दीप विझला, दुःखाला पार नाही.'

आत्या पोळ्या लाटत होती. वाचून म्हणाली, "सागर, छत्री आणि दिवा. बाईचं वर्णन आहे की जत्रेतलं दुकान?"

वडील हसले नाहीत. "दुःख आहे ते मला कळतं," म्हणाले. "ती कुठाय यात?"

मी रुसून स्वयंपाकघरात बसले. समोर दही लावायचं मातीचं सट रिकामं होतं. आई रोज आदल्या दिवसाच्या दह्यातलं चमचाभर बाजूला ठेवायची, त्याचंच दुसऱ्या दिवशीचं दही. ती इस्पितळात असताना मी सट बोटांनी चाटूनपुसून साफ केलं होतं. कवयित्रीला भूक फार. त्यानंतर दूध रोज यायचं, पण विरजण शेजारून मागावं लागायचं आणि त्या दह्याला तिच्या हातची चव नसायची.

मी लिहिलं: 'दूध आहे, विरजण नाही, म्हणून घर पोरकं झालं, जणू दिवा विझला.'

वडिलांनी पेन्सिल मागितली. आधी दिवा खोडला. "दुधात दिवा कशाला बुडवतेस?" मग 'म्हणून'पासून पुढचं सगळं खोडलं.

"पण मग लोकांना कळणार कसं, की आपल्याला वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"ज्याच्या घरी दही लागतं त्याला कळेल."

उरलं ते एवढंच: दूध आहे, विरजण नाही.

मी ते बोरूने, श्वास रोखून, पट्टीवर लिहिलं. शाई सुकेपर्यंत वडील शेजारी उभे होते. मग त्यांनी स्वतः खिळा ठोकला. आत्या पदराने तोंड पुसत आत निघून गेली. मी मात्र मनात म्हटलं, जमली बरं का ओळ. केवढी फुशारकी.

ओळ जमलीच होती. त्या दिवसापासून वडील जेवायला त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागले.